नवऱ्याला अबुधाबीला हाताने पत्र लिहिलंय, पाठवण्याआधी वाचून सांगाल का?

शेवंती | ६ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळच्या गावातली. मिस्टर अबुधाबीत मुसफ्फाला एसी टेक्निशियन आहेत, जाऊन चौदा महिने झाले. तिकडे व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही म्हणून बोटीमवर बोलतो, पण खोलीत सहा जण, इकडे पडवीत आई नि शेजारची दोघंतिघं, मग ते हं हं म्हणतात, मी जेवलात का विचारते नि संपलं. गावचे एक भाऊ येत्या शनिवारी मुंबईहून तिकडे जातायत, त्यांच्याकडे पत्र नि मसाला द्यायचाय. लग्नाला नऊ वर्षं झाली पण हे पहिलंच पत्र. ते जमिनीचं लिहू की नको कळत नाहीये, वाचून ते तिथे एकटेच काळजी करत बसतील असं वाटतं. नावं काढून टाकते, बाकी जसंच्या तसं.

*अहो,*

*सप्रेम नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर जे राहून जातं ते लिहितेय.*

*आईंचा गुडघा उजवा दुखतो, डावा बरा आहे. सकाळी खळ्यात दोन फेऱ्या मारतात मग पडवीत बसून येणाऱ्या जाणाऱ्याला तुमची खबर सांगतात, आपण मागच्या आठवड्यात सांगितलेलीच. मला म्हणाल्या तेका लिही, येळेर जेव म्हणान. चिनूचा पुढचा दात पडला. छपरावर टाकूया म्हटलं तर तयार नाही, पप्पांना दाखवायचाय म्हणतो, काडेपेटीत कापूस घालून तुमच्या कपाटात ठेवलाय.*

*तुमची स्कूटर दर रविवारी पाच मिनिटं चालू करते, भावोजी म्हणाले नाहीतर बॅटरी उतरते. चिनू मागे बसतो, गाडी स्टँडवरच असते, तरी मला म्हणतो चल कणकवलीला. मग आम्ही जातो. वाटेत ओसरगावला भजी पण खातो, सगळं बसल्या जागी.*

*कौलं चाळून झाली. दोन माणसं दोन दिवस होती. देवघरावरचा वासा किडलाय पण हा पाऊस काढेल म्हणाले. लाकडं मांगरात भरली. तुम्ही पाठवलेल्या अठरा हजारांचा हिशेब देते: सोसायटीचा हप्ता ५,२००, कौलं नि मजुरी ४,६००, आईंची औषधं १,१५०, चिनूच्या वह्या, दप्तर नि छत्री १,४००, मिरच्या नि मसाल्याचं सामान, कुटणावळ धरून २,३५०. उरले ३,३०० ते डब्यात आहेत. पुढच्या महिन्यात दोन हजार कमी पाठवलेत तरी चालेल, पण स्वतःचं खाणं कमी करून इकडे पाठवू नका.*

*बाबांना जाऊन सहा महिने झाले, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. मी तलाठी ऑफिसला गेलेले, तिथे म्हणाले मुलाला घेऊन या. सुट्टीवर आलात की करू की काही कागद पाठवता ते कळवा. ताईंच्या हक्कसोडीचं पण काका म्हणत होते, मला त्यात बोलायला बरं वाटत नाही.*

*तुमच्याकडे १५ जूनपासून दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं ना, तेव्हा खरंच सावलीत बसा, छपरावरचं युनिट एवढं आवरून घेऊ असं करू नका. मागच्या जुलैत चक्कर आलेली ती तुम्ही मला सांगितली नव्हती, मला दुसऱ्यांकडून कळलं. मला सांगत जा. मी रडत नाही, रडले तरी नंतर काम करते.*

*रात्री साडेनऊला तुम्ही फोन ठेवता तेव्हा इकडे अकरा वाजलेले असतात. त्यानंतर मी मागचं दार लावायला जाते नि सवयीने थोडं थांबते, तुम्ही विहिरीवर पाय धुऊन यायचात तेवढा वेळ. मग लावते.*

*मालवणी मसाला तीन किलो पाठवतेय, खोलीतल्यांना पण द्या. चतुर्थीला येणं होईल का? नसेल होत तर तसंच सांगा, चिनूला मी समजावते.*

*तुमची,*
*मी*

मृणाल_ठाणे | ६ मे, रात्री ११:४८

दारापाशी थांबण्याचं वाचून मी माझं लॅपटॉपचं काम ठेवून दिलं. काही बदलू नकोस त्यात. जमिनीचं सोपंय गं, त्यांना तिकडून पॉवर ऑफ अॅटर्नी करून पाठवायला सांग तुझ्या नावाने, तिकडच्या कुठल्याही नोटरीकडे सही शिक्का झाला की तू इकडे सगळ्या सह्या करू शकतेस. माझ्या चुलतभावाने अमेरिकेतून तसंच केलेलं फ्लॅटच्या वेळी.

पेणकर | ७ मे, सकाळी ७:०५

ताई, तुम्हाला तिकडे जायचं असेल तर व्हिजिट व्हिसा नवऱ्याला स्पॉन्सर करता येतो पण पगाराची अट असते नि मुलाचा पासपोर्ट आधी काढायला लागेल. आमच्या मेव्हण्यांनी कुटुंबाला दोन महिन्यांसाठी नेलं होतं.

शेवंती | ७ मे, सकाळी ७:३०

पेणकर दादा, मला जायचं नाहीये, आईंना सोडून जमणार पण नाही. फक्त पत्र पाठवायचंय. पण धन्यवाद.

राकेश_शारजा | ७ मे, सकाळी ८:५५

वहिनी, पत्राचं नंतर बोलतो, आधी मसाल्याचं सांगा. मालवणी मसाल्यात खसखस घातलीय का?

शेवंती | ७ मे, सकाळी ९:१०

हो, घातलीय की. दोन किलो मिरचीला पाव किलो. आमच्याकडे घालतातच. का हो?

राकेश_शारजा | ७ मे, सकाळी ९:३२

मग तो मसाला कृपा करून देऊ नका. यूएईत खसखशीवर बंदी आहे, अख्खी असो नाहीतर मसाल्यात कुटलेली. अफूच्याच बोंडातलं बी ते, इकडचा कायदा त्याला अमली पदार्थांतच धरतो. आपल्याकडे वाण्याकडे मिळतं म्हणून आपल्या डोक्यात पण येत नाही. मी इकडे अकरा वर्षं आहे, अशा पुडीपायी आपली माणसं आत गेल्याचं ऐकलंय. आणि एक लक्षात घ्या, विमानतळावर बॅग ज्याची तो अडकतो. तुमचे मिस्टर बाहेर वाट बघत उभे नि गावचे ते भाऊ आत, ज्यांना पुडीत काय आहे ते माहीतसुद्धा नाही.

कोकणकडा | ७ मे, सकाळी १०:१५

भाजून बारीक कुटल्यावर कोणाला काय कळतंय. आमच्या घरून वर्षानुवर्षं मसाला जातो दुबईला, आजवर कोणी विचारलं नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

राकेश_शारजा | ७ मे, सकाळी १०:४०

कोकणकडा, तुमचा मसाला उघडला नसेल म्हणून गेला. शंका आली तर नमुना लॅबला पाठवतात, नि रिझल्ट येईपर्यंत माणूस तिथेच. भाजल्याने, कुटल्याने काही पुसलं जात नाही. शंभरातले नव्व्याण्णव सुटत असतील हो, पण दुसऱ्याच्या बॅगेतून आपण कशाला हा जुगार खेळायचा?

वहिनी, खसखस न घालता नवीन एक किलो कुटून घ्या. डंकावर सांगा की आधीच्या कोणाच्या मसाल्यात खसखस होती का, असेल तर उखळ नीट पुसून घ्यायला लावा नि पहिली मूठभर मिरची कुटून बाजूला काढा, ती घरी वापरा. पुडीवर आत काय काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा, डबल पिशवी, वर टेप. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण घालू नका, तेल असतं म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत, ते तर मुंबईलाच काढतील. कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी खुशाल द्या. आणि गावच्या भावांसमोर सगळं उघडून दाखवून मग बांधा.

शेवंती | ७ मे, दुपारी १:२५

मला हे खरंच माहीत नव्हतं. हातपाय गार पडले वाचून. ते भाऊ तीन मुलांचे बाप आहेत. केलेला सगळा मसाला घरी ठेवते. थोड्या मिरच्या उरल्यात, धणे नि बडीशेप जरा जास्त घालून उद्या कुटून आणते. आई म्हणाल्या खसखस नसलेल्या मसाल्याक दाटपणा येवचो नाय, मी म्हटलं नाय येवंदे.

नानाकाका | ७ मे, संध्याकाळी ५:५०

मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सिंधुदुर्गातच, म्हणून सातबाऱ्याचं बोलतो.

मुली, तू दोन वेगळ्या गोष्टी एकात बांधल्यास, ऑफिसातल्या माणसानेही बहुधा त्याच बांधल्या. वारस नोंद वेगळी नि हक्कसोड वेगळी. वारस नोंदीला तुझ्या नवऱ्याला यायची गरजच नाही. वारसांपैकी कोणी एकाने अर्ज केला की पुरतं, सगळ्यांच्या सह्या लागत नाहीत. आता तू सून, म्हणजे सासऱ्यांची वारस नव्हेस, म्हणून तुझ्या अर्जावर तुला परत पाठवलं असेल. पण तुझ्या सासूबाई वारस आहेत ना? अर्ज त्यांच्या नावाने कर. मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं आधार, सातबारा आणि आठ अ, आणि एक प्रतिज्ञापत्र, ज्यात वारस कोण कोण ते लिहायचं. ई-हक्कवरून ऑनलाइनही होतं, सेतूवाला भरून देईल. मग तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो फेरफार धरतो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. कायद्यात तीन महिन्यांत कळवायचं असं आहे, तुमचे सहा झाले, त्याने नोंद अडत नाही. पण आणखी लांबवू नका, उद्या पीक नुकसानीचे पैसे, सोसायटीचं कर्ज सगळं मयताच्या नावावर अडकतं.

घर सातबाऱ्यात नसतं हे लक्षात ठेव. घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना आठवर, नाव बदलायला ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज द्यावा लागेल.

आणि प्रतिज्ञापत्रात ताईंचं नाव घालायचंच. सासूबाई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. गावात अजून सांगतात की मुलीचं नाव आता नको घालूया, नंतर काढायला त्रास. असं करून केलेल्या नोंदी मी स्वतः पुढे रद्द होताना बघितल्यात, आणि तोवर भावंडं बोलेनाशी झालेली असतात.

मृणाल_ठाणे | ७ मे, संध्याकाळी ६:३०

काका, पण पॉवर ऑफ अॅटर्नीचं माझं चुकलं का? म्हणजे नोटरी चालत नाही?

नानाकाका | ७ मे, रात्री ८:१०

अर्धं बरोबर आहे. वारस नोंदीला ती लागतच नाही, हे पहिलं. पुढे हक्कसोड किंवा वाटणी नोंदवायची झाली आणि नवरा येऊ शकत नसेल, तेव्हा लागेल. परदेशातल्या नोटरीपुढे केलेलं कुलमुखत्यारपत्र नोंदणी कायद्यात बसतं, पण दुय्यम निबंधक प्रत्यक्षात भारतीय वकिलातीचा शिक्का मागतात असा माझा अनुभव, म्हणून अबुधाबीतून करायचं तर वकिलातीतूनच करावं. त्यात लोक एक चूक करतात, इकडून आलेल्या कागदावर खोलीवरच सही करून नेतात. सही तिथे अधिकाऱ्यासमोर, पासपोर्ट दाखवून करायची असते, आधी केलेली असली की परत पाठवतात, एक दिवसाचा पगार बुडतो. साक्षीदार किती लागतील ते वेळ घेतानाच विचारायचं. मग मूळ कागद इकडे आला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात नेऊन मुद्रांक भरायचा. पुष्कळ जण तो कपाटात ठेवतात नि वर्षाने काढतात, मग दंड.

आणि सरसकट सगळे अधिकार देणारं करू नये. या गावातल्या अमुक गट नंबरसाठी, अमुक कामासाठी, एवढंच. हे बायकोवर विश्वास नाही म्हणून सांगत नाही, तसल्या मोघम कागदावर उद्या दुसराच कोणी तिच्याकडून सही घेऊ शकतो म्हणून सांगतो.

सह्याद्रीची_लेक | ७ मे, रात्री ९:००

हक्कसोडीबद्दल मी ताईंच्या जागची म्हणून लिहिते. मी स्वतः सही करून दिली माहेरी, राजीखुशीने. पण मला त्याचा फोन भावाने नाही केला, काकांनी केला, की अमुक तारखेला ये नि सही कर. ते आजही लागतं मनाला. शेवंती, तुझ्या नवऱ्याला लिही की ताईंशी काही बोलायचं असेल तर त्याने स्वतः बोलायचं, आणि सही मागायलाच हवी असंही नाही. तू मध्ये पडू नकोस आणि काकांना पण पडू देऊ नकोस.

कोकणकडा | ७ मे, रात्री ९:२०

खसखशीबद्दल बायकोला विचारलं, आमच्यातही घालतात. या वेळी नाही पाठवत.

पण पत्राबद्दल माझं मत, हिशेब नि जमीन पत्रात नको. माणूस हजारो किलोमीटरवर, पत्र उशीखाली ठेवणार आणि त्यात सोसायटीचा हप्ता. ते फोनवर सांगा. पत्रात फक्त मायेचं लिहा.

राकेश_शारजा | ७ मे, रात्री १०:०५

इथे मी उलट म्हणेन. हिशेब ठेवाच. मी महिन्याला पैसे पाठवतो नि ते कुठे गेले ते मला नीट माहीत नसतं, विचारलं तर बायकोला वाटतं संशय घेतो, म्हणून विचारत नाही. डब्यात ३,३०० उरलेत हे वाचून तुमचे मिस्टर त्या रात्री शांत झोपतील. आपण पाठवलेल्या पैशातून कौलं चाळली गेली, घर पावसाला तयार आहे, हे कळणं म्हणजे आपण घरात असल्यासारखंच असतं. खोलीत माझ्या वरच्या बेडवर राजापूरचा एक जण आहे, त्याला मी शेवंती वहिनींचा स्कूटरचा भाग वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, उठून बाल्कनीत गेला.

अबोलीआजी | ८ मे, सकाळी ६:१५

मी एकाहत्तर वर्षांची, नातीने टाइप करायला शिकवलंय, चुका असतील. आमचे हे १९८३ पासून कुवेतला होते. तेव्हा फोन नव्हता, तालुक्याला जाऊन ट्रंक कॉल लावायचा नि तासन्तास बसायचं. पत्र दहा बारा दिवसांनी पोचायचं, कधी नंतरचं आधी यायचं. एकदा मी लिहिलं मुलगा बरा झाला, ते आधी पोचलं, नि ताप आलाय हे नंतर. हे तिथे वेडे व्हायची वेळ आली. तेव्हापासून आम्ही पत्रांना नंबर घालायला लागलो, वर कोपऱ्यात. कुठलं पोचलं नाही ते लगेच कळायचं.

प्रश्नांना पण नंबर घालायचे मी. पुरुष माणूस पत्र चारदा वाचतो पण उत्तर लिहायला बसला की विचारलेलं विसरतो. प्रश्न एका कागदावर १, २, ३ असे वेगळे काढून दे, त्यांना फक्त नंबर घालून उत्तर लिहायचं. मायेचं वेगळ्या कागदावर लिही. म्हणजे कामाचा कागद कोणाला दाखवायची वेळ आली तर दाखवता येतो, दुसरा त्यांच्यापाशी राहतो. जमिनीचं म्हणूनच कामाच्या कागदावर घाल, पण घाल. न सांगितलेलं त्यांना दुसऱ्याकडून कळलं की जास्त लागतं, तुला त्यांची चक्कर लागली तसं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझं ४१ नंबरचं पत्र त्यांना मिळालेलं होतं की नाही मला माहीत नव्हतं. त्यानंतर टपालच बंद. मी ४२, ४३, ४४ लिहिली नि घरातच ठेवली. सप्टेंबरात हे बगदादवरून बसने जॉर्डनला, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले, तेव्हा तसे लाखाच्या वर लोक आणले सरकारने. हातात एक पिशवी होती, शर्टाच्या खिशात ४१ नंबर. बाकीची तीन मी त्यांना जेवण झाल्यावर वाचायला दिली.

मृणाल_ठाणे | ८ मे, सकाळी ८:२०

आजी, तुम्ही रोज लिहा इथे.

शेवंती | ९ मे, रात्री १०:४०

सगळ्यांचे खूप आभार. काल आईंना घेऊन सेतूत गेले, वारस नोंदीचा अर्ज आईंच्या नावाने भरला, ताईंचं नि भावोजींचं, म्हणजे माझ्या दिरांचं, नाव घालूनच. आईंना सही येते, त्यांनी अंगठा नको म्हणून सांगितलं नि अर्धा मिनिट घेऊन पूर्ण नाव लिहिलं. घरपट्टीचं सोमवारी करते.

आजी, तुमचं ऐकून दोन कागद केले. वर १ नंबर टाकला. मायेच्या कागदात काही बदललं नाही, फक्त सातबाऱ्याचा परिच्छेद, हिशेब नि चतुर्थीची ओळ कामाच्या कागदावर नेली. हिशेब राकेश भाऊंमुळे ठेवला. कामाच्या कागदावर प्रश्न चारच:
१. वासा आता बदलू की दिवाळीनंतर?
२. ताईंशी तुम्ही स्वतः बोलाल का, मी किंवा काका काही बोलणार नाही.
३. चक्कर परत आली होती का, खरं सांगा.
४. चतुर्थीला येणं होईल का?

मसाला एकच किलो झाला, सगळं गावच्या भावांसमोर बांधलं. त्यांना खसखशीचं सांगितलं तर ते पण गप्प झाले, म्हणाले मागच्या वेळी नेलेला मी कोणाचा तरी.

शेवंती | १९ मे, रात्री ११:३५

उत्तर आलंय. कामाच्या पॅडच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून फोटो पाठवलाय, मूळ कागद कोणी येईल त्याच्याकडून देणार म्हणाले. वर कोपऱ्यात त्यांनी पण १ टाकलाय, मी त्यांना नंबराचं काही सांगितलं नव्हतं, माझा बघूनच टाकला.

वासा दिवाळीनंतर. ताईंना त्यांनी रविवारी फोन केला, पाऊण तास बोलले, काय बोलले ते लिहिलं नाही पण ताईंनी मला फोन करून चिनूला सुट्टीत पाठव म्हणून सांगितलं. तिसऱ्याला लिहिलंय की हो, मार्चात एकदा, सुपरवायझरने सावलीत बसवून ओआरएस दिलं, आता पाण्याची बाटली कमरेला बांधतो. वाचून बरं वाटलं असं नाही, पण मला सांगितलं.

मसाल्याला दाटपणा नाही असं त्यांचं पण म्हणणं आहे, तरी खोलीत चार दिवसांत पाव किलो संपला.

चौथ्याचा नंबर घातलाय नि पुढची जागा कोरी ठेवलीय. फोनवर मी विचारलं नाही. मागचं दार लावून आले नि दुसरं पत्र लिहायला घेतलंय, आजी, वर २ टाकलाय.